गुहागर: डेस्कटॉप, लेझर प्रिंटर, लॅमिनेशन सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. पीन तापते, काय करू?

सुरंगी, गुहागर

नमस्कार मंडळी. गुहागरात व्याडेश्वराच्या देवळाजवळ माझं छोटं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, लॅमिनेशन अशी कामं असतात. गाळा जुना आणि भाड्याचा. टेबलाखाली भिंतीत एकच पॉइंट आहे, त्यात चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड लावलाय. त्यावर डेस्कटॉप, मॉनिटर, लेझर प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन. राउटरला जागा उरली नाही म्हणून मॉनिटरच्या सॉकेटात मल्टिप्लग घालून तिथेच तोही बसवलाय.

गेल्या आठवड्यापासून एक नवीन प्रकार सुरू झालाय. प्रिंटर बराच वेळ रिकामा असला आणि मग पहिलं पान काढलं, की पंखा क्षणभर मंदावतो आणि कधीकधी कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. काल बोर्डाचा प्लग काढला तर तो चांगलाच गरम लागला, आणि एक पीन बुडाशी तपकिरी झालेली दिसली. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलंय. बोर्डावर मागे ६ अँपिअर आहे. भार जास्त होतोय का? आणि पाऊस तोंडावर आलाय, वीज कडाडायला लागायच्या आत स्पाइक गार्ड घ्यायचा विचार आहे. कुठला प्रकार घ्यावा?

बिटबाइट, चिपळूण

हिशोब सोपा आहे. ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॅट, तेवढं त्या बोर्डाला झेपतं. तुमचा कॉम्प्युटरच ४५० खातोय, त्यात प्रिंटर, लॅमिनेशन, मॉनिटर. ओव्हरलोड आहेच. मोठा एसएमपीएस असलेलं मशीन उगाच घेतलंत. आता चांगल्या कंपनीचा स्पाइक गार्ड घ्या, त्यात ओव्हरलोड, सर्ज सगळं सांभाळलं जातं. प्रश्न मिटला.

दांडी किनारा, मालवण

आमच्या होमस्टेत सेम प्रॉब्लेम. संध्याकाळी लो व्होल्टेज, फ्रीज चालू होताना लाइट डिम. खरां सांगूचां तर स्टॅबिलायझर लावल्यावरच सुटका झाली. ताई, आधी व्होल्टेज बघून घ्या आणि स्टॅबिलायझर घ्या. कॉम्प्युटरक पण चलता.

जुना तारकाम, रत्नागिरी

सुरंगीताई, आधी तो बोर्ड वापरणं थांबवा. तपकिरी झालेली पीन परत त्याच सॉकेटात घालू नका. बाकीचं सावकाश बोलू.

बिटबाइट, १३८० चा हिशोब बरोबर आहे, पण ४५० चा नाही. एसएमपीएसवरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा असतो, किती खेचतोय याचा नाही. फॉर्म भरायचा, पीडीएफ काढायचा साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट शंभर-दीडशे वॅटच्या आसपास असतो. ग्राफिक्स कार्ड लावून खेळ खेळणाऱ्याचं मशीन वेगळं. म्हणून मोठा एसएमपीएस घेतल्यानं बोर्डावरचा भार वाढत नाही. इथला भार भलतीकडेच आहे.

दांडी किनारा, स्टॅबिलायझर तुमच्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरला बरोबर आहे. आजकालचे बरेच एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना कमी व्होल्टेजचा तसा त्रास नाही. इथे पीन तापतेय. स्टॅबिलायझर त्या पिनेच्या पुढे लागणार, तो तिला थंड कसा करणार?

ताई, मला या गोष्टी बघून सांगा.
प्रिंटर आणि लॅमिनेशन मशीनच्या मागच्या पट्टीवर अँपिअर किंवा वॅट किती लिहिलेत.
एक्स्टेंशन बोर्डाच्या स्वतःच्या प्लगला पिना किती, आणि त्याच्या वायरवर काय छापलंय.
गाळ्यात मेन बोर्डावर एमसीबी आहे की किटकॅट फ्यूज.
आणि अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला बोट लागलं तर मुंग्या येतात का. हे मुद्दाम करून बघू नका, आधी कधी झालं असेल तर सांगा.

कॉम्प्युटर किती खातो ते मीटरवर मोजता येतं. तो तेवढा भिंतीतल्या दुसऱ्या धड पॉइंटावर लावा, दुकानातलं बाकी सगळं बंद करा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं, बहुतेक ३२००. दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते घड्याळावर बघा. ३२०० चं मीटर असेल तर ११२५ ला एका लुकलुकीच्या सेकंदांनी भागा. वॅट मिळाले.

सुरंगी, गुहागर

काका, सगळं बघितलं. काउंटरच्या पलीकडच्या टोकाला, झेरॉक्सवाल्याचं मशीन पूर्वी होतं तिथे, अजून एक पॉइंट निघाला. तो वापरातच नव्हता. कॉम्प्युटर तिथे लावून मोजलं.

कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर चालू ठेवून दहा लुकलुकींना ८० सेकंद लागले. मीटर ३२०० चंच आहे. म्हणजे १४० वॅट?
लेझर प्रिंटरच्या पट्टीवर २२०–२४० व्होल्ट, ४ अँपिअर. लॅमिनेशन मशीन ए-थ्री साइझचं आहे, त्यावर ६०० वॅट.
मेन बोर्डावर एमसीबी नाही, पांढऱ्या चिनीमातीचे फ्यूज आहेत.
बोर्डाला सॉकेट तीन भोकांचे आहेत, पण त्याच्या स्वतःच्या प्लगला दोनच पिना आहेत. हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. वायर चपटी, पांढरी, वर काहीच छापलेलं नाही.
आणि हो, मुंग्या येतात. पेन ड्राइव्ह मागे लावताना बऱ्याचदा. मला वाटायचं पावसाळी हवेनं होत असेल.

विसरलेच, चहाची इलेक्ट्रिक केटलही कधीकधी याच बोर्डावर लागते. तिच्यावर १५०० वॅट आहे.

जुना तारकाम, रत्नागिरी

आता चित्र स्पष्ट झालं.

कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर मिळून १४०. प्रिंटर ४ गुणिले २३०, म्हणजे ९२० धरा. लॅमिनेशन ६००. बेरीज १६६० वॅट, सव्वासात अँपिअर. सहा अँपिअरच्या बोर्डावर हे आधीच जास्त. केटल लागली की ३१६०, म्हणजे पावणेचौदा अँपिअर. दुपटीहून जास्त.

आता तुमच्या मनात येईल, की प्रिंटर सारखा थोडाच ९२० घेतो? बरोबर. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर भाजून बसवणारा रोलर असतो, त्याचा हीटर खूप वेळ गार असला की पहिल्या पानाला जोरात खेचतो आणि मग चालू-बंद होत राहतो. म्हणून मीटरच्या लुकलुकीवर त्याची सरासरी कमीच दिसेल. पण वायर आणि पीन यांचा हिशोब सरासरीवर करायचा नसतो, तो झटक्यावर करायचा. म्हणून प्रिंटरला पट्टीवरचा आकडाच धरा.

पण नुसत्या सव्वासात अँपिअरनं पीन तपकिरी होत नाही. वायर तापली असती तर सगळी सारखी तापली असती. एकच पीन बुडाशी काळवंडते तेव्हा तिथला स्पर्श सैल असतो. आपल्याकडची खारी हवा यात मोठं काम करते. सॉकेटातली पितळी पट्टी हिरवट-काळी पडते, तिचा ताण जातो, पीन आत गेली तरी टोकाटोकानं चिकटते. समजा तिथे फक्त ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला. एकटा कॉम्प्युटर असताना ०.६ अँपिअर वाहतो, त्या जागी एक दशांश वॅटसुद्धा उष्णता होत नाही. वर्षानुवर्षं काही कळणार नाही. सव्वासात अँपिअर झाले की तिथेच दहा वॅट होतात, झीरोच्या बल्बाएवढी उष्णता पिनेच्या टोकाएवढ्या जागेत कोंडते. केटल लागली की जवळजवळ अडतीस. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तापलं की पट्टी आणखी सैल पडते, सैल पडली की आणखी तापते.

कॉम्प्युटर रीस्टार्ट होण्याचं कारणही बहुतेक हेच. एसएमपीएस साधारण एका लाटेइतका खंड, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या आसपास, पोटातल्या साठ्यावर काढून नेतो. प्रिंटरनं हिसका दिला, सैल जागी ठिणगी पडून संपर्क त्याहून जास्त तुटला, की संपलं. कॉम्प्युटर बिघडलेला नाही.

बिटबाइट, चिपळूण

४५० चं समजलं, धन्यवाद. मग उपाय सोपा: पलीकडचा पॉइंट १६ अँपिअरचा असेल तर बाजारात जाड पिनांचा कन्व्हर्टर मिळतो, तो लावून हाच बोर्ड तिथे टाका. १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट. केटलसकट सगळं बसतं. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं, तेव्हा करंट वाढतो, त्यामुळे मोठा पॉइंट हवाच.

जुना तारकाम, रत्नागिरी

नको. हा सगळ्यात धोक्याचा सल्ला आहे, आणि सगळीकडे दिला जातो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भिंतीतला पॉइंट १६ चा झाला म्हणून बोर्डाची बारीक वायर जाड होत नाही. उलट आधी ६ च्या पॉइंटमागे निदान छोटा फ्यूज असायची शक्यता होती. १६ च्या पॉइंटमागे १६ चा एमसीबी असतो, आणि तो १६ झाले की लगेच पडतो असा गैरसमज आहे. त्याला सव्वातेवीस अँपिअरपर्यंत नेलं तरी पडायला तासभर लागू शकतो. तो एमसीबी भिंतीतल्या वायरसाठी निवडलेला असतो, तुमच्या चपट्या पांढऱ्या वायरसाठी नाही. ती वायर तेवढ्या तासात वितळून जमिनीवर पसरेल आणि एमसीबी निवांत उभा असेल. ताईंकडे तर एमसीबीही नाही. किटकॅट फ्यूजमध्ये कुणी तांब्याची जाड तार गुंडाळली असेल तर काहीच पडणार नाही. ताई, वायरमन आला की आधी ते फ्यूज काढून दाखवायला सांगा.

वायर बघताना आतल्या तारा मोजता येतात. ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर, ३२ तारा म्हणजे एक, ४८ तारा म्हणजे दीड. जुने दुकानदार तेवीस शहात्तर, चाळीस शहात्तर अशा भाषेत बोलतात, तोच हा प्रकार. बारा-चौदा तारा निघाल्या तर तो बोर्ड मोबाइल चार्जरपुरता.

आणि कमी व्होल्टेजला करंट वाढतो हे कॉम्प्युटरच्या बाबतीत खरं आहे, कारण एसएमपीएस आपले वॅट पूर्ण करून घेतो. पण केटल, लॅमिनेशन, प्रिंटरचा हीटर यांचं उलट. व्होल्टेज कमी तर त्यांचा करंटही कमी. ताईंच्या बोर्डावर बहुतेक भार तापणाऱ्या वस्तूंचाच आहे, त्यामुळे संध्याकाळी तिथे भार थोडा उतरेल.

खडपे, लांजा

मी यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करते. तारकाम काकांच्या म्हणण्याला जोड देते. बोर्डावरचं लाल दिव्याचं बटण हे नुसतं बटण असतं. ते ओव्हरलोडला पडत नाही. पडणारं असतं ते वेगळं, शेजारी छोटं काळं दाबायचं बटण असतं आणि त्यावर किती अँपिअरला पडणार ते छापलेलं असतं. गिऱ्हाइकं मला सांगतात, आमच्या बोर्डाला स्विच आहे, भार झाला की जाईल. जात नाही.

आणि ताई, उद्या यूपीएस घेतलात तर लेझर प्रिंटर त्याच्यामागे लावू नका. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस खरं तर ३६० वॅटचा असतो. १४० वॅटचा कॉम्प्युटर त्यावर छान बसतो. प्रिंटर लावलात की पहिल्या पानाला तो ओरडून बंद पडेल.

आता मुंग्यांबद्दल. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर तो बारीक प्रवाह अर्थमध्ये जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, उभं राहतं. टेस्टर लावला तर पेटतो. प्रवाह फारच थोडा असतो म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. दोन पिनांच्या बोर्डावर हे होणारच, हवेचा काही संबंध नाही. पण आत काही बिघडून फेज सरळ पत्र्याला टेकली तर मुंग्यांवर भागणार नाही.

सुरंगी, गुहागर

म्हणजे तीन भोकांचं सॉकेट असूनही आत अर्थ नाहीच. मग स्पाइक गार्डचं काय? तीन पिनांचा घेतला की काम होईल ना?

हापूसवाला, देवगड

ताई, माझा अनुभव सांगतो, तो ऐकून मग पैसे घाला. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या वाडीत नारळाचं झावळं लाइनवर पडलं. न्यूट्रल तुटला. घरातले बल्ब आधी लखलखले, मग गेले. माझा डेस्कटॉप नामांकित स्पाइक गार्डवर होता. गार्ड आतून फुटला, प्लास्टिक काळं झालं, खोलीभर वास. एसएमपीएसही गेला. तेव्हापासून माझा या गार्डवर विश्वास नाही. हजारो रुपयांचं नुसतं खोकं.

खडपे, लांजा

हापूसवाले, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण तो मार त्या वस्तूच्या कामाचाच नव्हता. गार्डमध्ये एक चकतीसारखा भाग असतो, त्याला व्हॅरिस्टर म्हणतात. ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की तो क्षणभर वाट मोकळी करून देतो आणि लाट पोटात घेतो. हे काम मायक्रोसेकंदांचं. लांबवर वीज पडली, लाइनवर कुठे मोठं स्विचिंग झालं, अशा लाटांसाठी तो आहे. न्यूट्रल तुटला की घरात ३००, ३५०, वाईट म्हणजे ४०० व्होल्टपर्यंत येतं आणि कुणी बंद करेपर्यंत येतच राहतं. व्हॅरिस्टर ते सतत पोटात घेऊ शकत नाही, तो तापतो आणि फुटतो. या प्रकाराला जास्त व्होल्टेज झाल्यावर पुरवठाच तोडणारं उपकरण लागतं. ते मेन बोर्डात एमसीबीशेजारी बसतं, साधारण २७०-२८० व्होल्टला तोडतं.

दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. एकीनं दुसरीचं काम होत नाही.

अजून एक. व्हॅरिस्टर दर लाटेला थोडाथोडा झिजतो. चांगल्या गार्डवर संरक्षण चालू असल्याचा वेगळा दिवा असतो. तो विझला तरी सॉकेटमधून वीज येत राहते, म्हणून कुणी बघत नाही. दोन-तीन पावसाळे काढलेला गार्ड घरात असेल तर तो दिवा आज बघा.

जुना तारकाम, रत्नागिरी

ताईंचा प्रश्न राहिला. तीन पिनांचा गार्ड घेतलात आणि भिंतीतल्या सॉकेटातच अर्थ नसेल, तर त्यातल्या तीनपैकी दोन चकत्यांना जायला वाटच नाही. फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. उरते फेज आणि न्यूट्रलमधली एक. विजेची लाट बरेचदा फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर एकदम चढून येते आणि तिला जमिनीत जायचं असतं. तिच्यापुढे ती एकटी चकती काय करणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी अर्थिंग, मग गार्ड.

खडपे, लांजा

काका, इथे मी थोडी वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या एसएमपीएसमध्ये फेज-न्यूट्रलच्या बाजूचं नुकसान पुष्कळ असतं, आणि तिथे ती एक चकतीसुद्धा उपयोगाची. अर्थ होईपर्यंत ताईंनी गार्ड घेऊच नये असं मी म्हणणार नाही.

जुना तारकाम, रत्नागिरी

घेऊ नका असं नाही. पण तो घेतल्यावर लोक अर्थिंगचं विसरतात, हे मी आयुष्यभर बघितलंय. तुमच्या दुरुस्तीच्या टेबलावर जे येतं ते तुम्ही बघता, माझ्या वाट्याला गाळे आणि घरं आली. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक.

सुरंगी, गुहागर

आज वायरमन येऊन गेला. टेबलाखालचं सॉकेट उघडलं तर आतली एक पट्टी हिरवी आणि फाकलेली, तिच्या मागचा स्क्रूही ढिला. वायरचं टोक दीड-दोन सेंटीमीटर काळं पडलं होतं, ते कापून नवीन सॉकेट बसवलं. फ्यूजमध्ये खरोखरच वायरच्या तारा पिळून घातलेल्या निघाल्या. तिथे एमसीबी बसवले. प्रिंटर पलीकडच्या पॉइंटला थेट लावला, बोर्डाशिवाय. दिवसभर प्रिंट काढले, एकदाही रीस्टार्ट नाही.

टेबलाखाली आता नवीन बोर्ड आहे. तीन पिनांचा, गोल वायर, तिच्यावर तीन गुणिले १.५ छापलंय आणि आयएसआयचा शिक्का आहे. त्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर. लॅमिनेशन मशीनही सध्या त्यावरच आहे, ७४० वॅट होतात. चालेल ना?

अर्थिंगचं मात्र अवघड झालंय. सॉकेटातली हिरवी वायर मेन बोर्डापर्यंत येते आणि तिथे तशीच लोंबकळतेय. पुढे काही नाही. गाळामालक म्हणतात, इतकी वर्षं चाललं, आता खड्डे कशाला.

जुना तारकाम, रत्नागिरी

७४० म्हणजे सव्वातीन अँपिअर, चालेल. केटल तेवढी लावू नका. आज तासभर लॅमिनेशन चालवल्यावर प्लग काढून पिनांना हात लावून बघा. कोमट ठीक, चटका लागता कामा नये. आठवड्यानं परत बघा. आणि एक विचारून घ्या: दोन्ही पॉइंट मेनपासून वेगवेगळ्या वायरवर आहेत, की एकाच वायरवरून पुढे नेलेत? एकाच वायरवर असतील तर प्लगवरचा भार सुटला, भिंतीतल्या वायरवरचा तसाच राहिला.

बिटबाइट, चिपळूण

मालक ऐकत नसतील तर एक जुगाड सगळे करतात. सॉकेटात अर्थच्या भोकामागचा स्क्रू आणि न्यूट्रलचा स्क्रू यांना छोटा तुकडा जोडायचा. न्यूट्रल शेवटी ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थलाच असतो. मुंग्या लगेच बंद होतात. नळाच्या पाइपाला जोडलं तरी चालतं.

जुना तारकाम, रत्नागिरी

मुंग्या बंद होतात हे खरं, आणि म्हणूनच माणूस फसतो. वर हापूसवाल्यांनी झावळ्याची गोष्ट सांगितली ती परत वाचा. तसा न्यूट्रल तुटला, किंवा त्याचा एखादा स्क्रू ढिला झाला, की फेज कॉम्प्युटरच्या आतून न्यूट्रलवर येते आणि तुमच्या तुकड्यावरून सरळ कॅबिनेटच्या पत्र्यावर. पूर्ण २३०. त्यात सॉकेटातल्या वायरी उलट जोडल्या गेलेल्या असतील तर न्यूट्रल तुटायचीही वाट बघावी लागणार नाही. हे कुणीही करू नका. नळाचे पाइप आता प्लास्टिकचे असतात, ते जमिनीपर्यंत काही नेत नाहीत. आणि लोखंडी असला तर दुसऱ्याच्या नहाणीत वीज पोचवाल.

खडपे, लांजा

मालक तयार होईपर्यंत एक गोष्ट ताईंना स्वतःच्या खर्चानं करता येईल. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पत्र्यावर फेज आली आणि कुणाचा हात लागला, तर अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह ओळखून तो तोडतो. त्यासाठी अर्थिंगची वायर असावीच लागते असं नाही. मुंग्या जाणार नाहीत, सर्जचं कामही होणार नाही. पण जीव वाचेल. गाळा सोडताना काढून नेता येतो.

आणि पावसाळ्यात दुकान बंद करताना बोर्डाचा प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून विजेची लाट अडत नाही, बटणाच्या फटीतून ती उडी मारते. इंटरनेट फायबरनं येतं का? येत असेल तर त्या बाजूनं भीती फार नाही. पण शेजारच्या गाळ्यात लॅनची केबल नेली असेल तर तीही काढायची.

दांडी किनारा, मालवण

शेजारच्या रूममध्ये आमची लॅन केबल गच्चीवरून नेलीय, तीस मीटर. त्यातूनही येता? आमचा राउटर दरवर्षी जाता तो त्यानंच काय?

खडपे, लांजा

गच्चीवरून उघडी नेलेली असेल तर दाट शक्यता आहे. जळतो तेव्हा राउटरचा अडॅप्टर जातो की लॅनचं पोर्ट? अडॅप्टर शाबूत आणि पोर्ट मेलेलं असेल तर लाट केबलमधून आली.

दांडी किनारा, मालवण

पोर्टच. अडॅप्टर तोच जुना चलता. आता समजलां. नवीन धागा काढतंय त्यासाठी.

सुरंगी, गुहागर

आरसीसीबीचं वायरमनला सांगितलंय. दोन्ही पॉइंट वेगवेगळ्या वायरवर आहेत. पलीकडचा झेरॉक्ससाठी म्हणून मुद्दाम ओढलेला होता. पिना कोमटही नव्हत्या.

मालकांशी परत बोलले. खर्च मी निम्मा दिला तर बघू म्हणालेत, नक्की नाही. पण वायरमन म्हणतो इथे दीड हातावर जांभा लागतो, खड्डा खणण्यात अर्थ नाही, नुसती सळई ठोकून देतो. तेवढं पुरेल?

जुना तारकाम, रत्नागिरी

जांभ्यात सळई ठोकली की वर दिसायला अर्थिंग होतं, काम करेल असं नाही. कोरडा जांभा वीज नेत नाही. गाळ्यामागे नहाणीचं किंवा मोरीचं पाणी कुठे जिरतं, विहीर आहे का, माड आहेत का ते बघा. जिथे वर्षभर ओल राहते तिथे जागा निवडा, वायर थोडी लांब ओढावी लागली तरी चालेल. खड्ड्यात सळईभोवती बेंटोनाइटची भुकटी भरून घ्या, ती ओल धरून ठेवते.

आणि झाल्यावर अर्थ टेस्टरनं ओहममध्ये मोजून मागा. नुसता मल्टिमीटर फेज आणि अर्थमध्ये लावला तर निकामी अर्थिंगलाही २३० दाखवतो, कारण तो स्वतः प्रवाहच खेचत नाही. काम पावसात झालं तर माप छानच येईल. ते कागदावर लिहून ठेवा, पण वैशाखात जमीन कोरडी झाल्यावर परत मोजून घ्या, खरं माप ते.